१२.८ ला लाइट, १६ ला डिस्चार्ज

"डॉक्टर, आमची मुलगी रविवारी रात्री झाली. अडतीस आठवडे पूर्ण, वजन २ किलो ९००. बायकोचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, मुलीचा बी पॉझिटिव्ह. सोमवारी रात्री डोळे पिवळे वाटले म्हणून काविळीसाठी रक्त तपासलं, बिलिरुबिन ९.६ आलं. मंगळवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, १२.८ आलं आणि लगेच लाइटखाली ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाळाला पाचव्या दिवशी १६ होतं, त्याला मात्र घरी सोडलं. लाइट लावल्यावरही दुपारी १३.१ आणि रात्री १३! बुधवारी ११.६ झालं तरी लाइट बंद केला नाही, रात्री १०.२ ला बंद केला. मग गुरुवारी ११.४, शुक्रवारी १२.३. परत चढतंय, तरी डॉक्टर म्हणतात काळजी नको, घरी जा. मुलगी दूध पितेय, आकडे सगळे वहीत आहेत, पण मला त्यांची काही संगती लागत नाहीये. उपचार बरोबर झाले का?"
– एक बाबा, सातारा जिल्हा

उपचार बरोबर झाले, आणि वेळेवर झाले. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला स्वस्थपणे वाचता येईल. पत्र आलं त्या संध्याकाळी आपण फोनवर बोललो, तेव्हा मी तुमच्याकडून दोनच गोष्टी मागून घेतल्या होत्या. एक, जन्माची नेमकी वेळ. दुसरी, प्रत्येक रिपोर्टवर छापलेली रक्त काढल्याची वेळ. तुमच्या वहीत वार आहेत, दिवस आहेत, आकडे आहेत. वेळ कुठेच नव्हती. नवजात बाळाच्या काविळीत वेळ नसेल तर आकड्याचा अर्थ लागत नाही.

जन्म रविवारी रात्री ११.४० चा. तुम्ही रविवार हा पहिला दिवस धरला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. पण तुमचा तो पहिला दिवस अवघा वीस मिनिटांचा होता. मंगळवारी पहाटे ५.४० ला टाचेतून रक्त काढलं तेव्हा मुलगी तीस तासांची होती. रविवारी पहाटे साडेबाराला जन्मलेलं बाळ त्याच क्षणी त्रेपन्न तासांचं असतं आणि वहीत त्याचाही "तिसरा दिवस"च असता. ३० तासांना १२.८ हा आकडा लाइट लावायचा आहे. ५३ तासांना तोच आकडा असलेल्या निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाकडे मी लक्ष ठेवेन, लाइट लावणार नाही.

तासांना एवढं महत्त्व का, ते सांगते. बाळाच्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी जन्मानंतर भराभर मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकण्याजोगं करायचं काम यकृतातल्या एका एन्झाइमचं, आणि जन्माच्या वेळी ते एन्झाइम नावापुरतंच असतं. म्हणून पहिले तीनचार दिवस आकडा चढणारच. पूर्ण दिवसांच्या बाळात तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखर गाठतो आणि मग उतरतो. प्रश्न असतो तो एवढाच की चढाच्या कुठल्या टप्प्यावर बाळ आहे. पाचव्या दिवशीच्या बाळाचा चढ बहुतेक संपलेला असतो. तिसाव्या तासाच्या बाळाचा चढ नुकता सुरू झालेला असतो, आणि तो कुठवर जाईल हे आपल्याला ठाऊक नसतं. शेजारच्या बाळाच्या १६ ला घरी सोडलं आणि तुमच्या मुलीला १२.८ ला ठेवून घेतलं, त्याचं कारण हे.

आता आलेखाचा कागद घ्या. शाळेच्या वहीतला चालेल. आडव्या रेषेवर जन्मापासूनचे तास लिहा, एका चौकटीला ६ तास, ० पासून १२० पर्यंत. उभ्या रेषेवर बिलिरुबिन, ० ते २८, एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्यावर आधी उपचाराची रेषा काढायची. डॉक्टर वेगवेगळे तक्ते वापरतात. मी इथे ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा ३८ आठवडे आणि त्यापुढच्या बाळांचा तक्ता घेते, कारण तो हाताने काढता येतो. जन्मवेळी ५.८, २४ तासांना ११.७, ४८ ला १४.६, ७२ ला १७.५, ९६ ला २०.५, आणि तिथून पुढे सपाट. हे ठिपके पट्टीने जोडा. चोवीस तासांपर्यंत रेषा तीव्र चढते, मग तिचा चढ मंदावतो, चार दिवसांनंतर ती आडवी होते. ही झाली फोटोथेरपीची, म्हणजे निळ्या लाइटच्या उपचाराची रेषा; आकडा हिच्या वर गेला की लाइट लावायचा. हिच्या वर दुसरी रेषा रक्तबदलाची, म्हणजे बाळाचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरण्याची: तीही ५.८ लाच सुरू होते, पण २४ तासांना १७.५ आणि ४२ तासांना २६.३ वर पोचते आणि तिथून पुढे आडवी जाते. नाइसचा मूळ तक्ता मायक्रोमोल प्रति लिटर या एककात आहे, मी १७.१ ने भागून हे आकडे दिले आहेत. तुमची बहीण लंडनला असते असं फोनवर म्हणालात. तिच्या बाळाचं "२२०" ऐकून घरातल्या आजी घाबरल्या असतील तर त्यांना सांगा, ते आपल्या भाषेत १२.९ होतं.

बाळ ३८ आठवड्यांआधी जन्मलेलं असेल तर रेषा खाली येते, आणि त्याचा तक्ता वेगळा असतो. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या तक्त्यात, आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी बाळाच्या पेशी फोडणं चालू असेल, जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम कमी असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी असेल तर त्या बाळांसाठी निराळी, खालची रेषा वापरतात. म्हणून शेजारच्या बाळाचा कागद आपल्या बाळाला लावू नका. एका बाळाला एकच तक्ता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुमच्या मुलीचे आकडे त्यावर मांडले तर असं दिसतं:

| रक्त काढलं | वय, तास | बिलिरुबिन | त्या तासाची रेषा |
|---|---|---|---|
| सोमवार रात्री ९.४० | २२ | ९.६ | ११.२ |
| मंगळवार पहाटे ५.४० | ३० | १२.८ | १२.४ |
| मंगळवार सकाळी ११.४० | ३६ | १३.१ | १३.२ |
| मंगळवार रात्री ९.४० | ४६ | १३.० | १४.४ |
| बुधवार सकाळी ११.४० | ६० | ११.६ | १६.१ |
| बुधवार रात्री ११.४० | ७२ | १०.२ | १७.५ |
| गुरुवार सकाळी ११.४० | ८४ | ११.४ | १९.० |
| शुक्रवार सकाळी ११.४० | १०८ | १२.३ | २०.५ |

पहिल्याच ठिपक्यापाशी जरा थांबा. ९.६ हा आकडा रेषेच्या खाली आहे, म्हणजे लाइट लागू नव्हता. पण पहिल्या चोवीस तासांत डोळ्यांना दिसणारी कावीळ ही साधी कावीळ मानायची नसते, आकडा काहीही असो. आई ओ आणि बाळ बी, हे कळल्यावर तर नाहीच. तुमच्या डॉक्टरांनी उजाडायची वाट न बघता आठ तासांनी पुन्हा रक्त काढलं, ते यासाठी. तुम्हाला ते बाळाला उगाच टोचणं वाटलं होतं. या आलेखातला सगळ्यात मोलाचा ठिपका तोच आहे.

कारण दोन ठिपके मिळाले की चढाचा वेग काढता येतो. ९.६ वरून १२.८, म्हणजे ३.२ ची वाढ, आठ तासांत. भागा: तासाला ०.४. पहिल्या चोवीस तासांत तासाला ०.३ किंवा जास्त आणि त्यानंतर ०.२ किंवा जास्त वेगाने आकडा चढत असेल तर पेशी फुटत आहेत असा संशय घ्यायचा, असं तीच अमेरिकन मार्गदर्शिका सांगते. तुमच्या मुलीचा वेग त्याच्या वर होता. त्याच नमुन्यातून बाळाच्या पेशींवर आईचे प्रतिपिंड चिकटलेत का ते बघणारी कूम्ब्स टेस्ट, हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या तांबड्या पेशींची मोजणी, पाठवले होते, आणि कूम्ब्स सौम्य पॉझिटिव्ह आली. म्हणजे आईच्या ओ गटातले प्रतिपिंड वारेतून येऊन बाळाच्या बी गटाच्या पेशी फोडत होते. त्याच वेगाने चढत राहिलं असतं तर बुधवारी पहाटे ५४ तासांना आकडा २२ च्या वर गेला असता. मंगळवारी सकाळी लाइट लावला तो १२.८ या आकड्यासाठी जेवढा, तेवढाच या येऊ घातलेल्या २२ साठी.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे एक रात्र आहे. मी निवासी डॉक्टर होते तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयातून एक बाळ आमच्याकडे पाठवलं गेलं. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, "दिवस ३, बिलिरुबिन १३, निरीक्षण." मी तिसरा दिवस वाचला, १३ वाचलं आणि पुढची तपासणी सकाळवर टाकली. जन्माची वेळ विचारली नाही. बाळ प्रत्यक्षात एकतीस तासांचं होतं. सकाळी आकडा २१ च्या पुढे गेला होता आणि दुपारपर्यंत आम्ही बेंबीच्या शिरेतून रक्तबदल करत होतो. बाळ वाचलं; इतक्या बिलिरुबिनने कान जाऊ शकतात, त्याला ऐकायलाही नीट येतं. पण तेव्हापासून माझ्या वॉर्डात फाइलच्या पहिल्या पानावर जन्माची तारीख आणि वेळ लाल पेनाने लिहितात, आणि प्रत्येक आकड्यापुढे तास लिहिल्याशिवाय कोणी सही करत नाही.

आता लाइटकडे येऊ. कागदावर ३१ तासांपासून ७२ तासांपर्यंत एक आडवी पट्टी निळ्या पेन्सिलने रंगवा. लाइट सुरू झाला मंगळवारी सकाळी ६.४० ला, बंद झाला बुधवारी रात्री ११.४० ला. ही पट्टी रंगवल्याशिवाय आलेख पुरा होत नाही, कारण पट्टीच्या आतला ठिपका आणि बाहेरचा ठिपका यांचा अर्थ निराळा असतो. बाहेरचा ठिपका बाळ स्वतः काय करतंय ते सांगतो. आतला ठिपका बाळ आणि दिवा मिळून काय करताहेत ते सांगतो.

मंगळवारी साडेअकराच्या सुमारास आलेल्या १३.१ ने तुमचा धीर सुटला होता. वहीत तुम्ही त्याला दोनदा अधोरेखित केलंय. आता कागदावर बघा. आधीच्या आठ तासांत ३.२ चढलं होतं, या सहा तासांत ०.३ चढलं. वेग तासाला ०.४ वरून ०.०५ वर आला. आणि रेषा मात्र या वेळात १२.४ वरून १३.२ वर गेली, म्हणजे आकडा वाढूनही मुलगी रेषेच्या खाली आली. लाइट लावल्यावर चार ते सहा तासांनी पहिली तपासणी करतात ती हेच बघायला. त्या तपासणीत आकडा उतरलेलाच असला पाहिजे असं नाही. चढाचा कणा मोडला पाहिजे. तो मोडला नसता, समजा १३.१ च्या जागी १५.५ आलं असतं, तर दिव्यांची संख्या वाढवली असती, दिवे जवळ आणले असते, पाठीखालूनही प्रकाश दिला असता आणि रक्तबदलाच्या तयारीला लागले असते.

यात आणखी एक बारकी गोष्ट आहे. निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचा रेणू वळवतो, त्याचा आकार बदलतो, आणि मग तो यकृताच्या मदतीशिवाय पित्तातून आणि लघवीतून निघून जाऊ शकतो. पण आकार बदललेले रेणू बाहेर पडेपर्यंत रक्तातच असतात, आणि प्रयोगशाळा एकूण बिलिरुबिन मोजताना त्यांनाही धरते. म्हणून दिवा काम करायला लागतो आधी, आणि आकडा उतरताना दिसतो नंतर. मंगळवारची दुपार आणि रात्र आकडा तेराच्या आसपास थबकला होता तो काळ हाच.

याच काळात बाळाचा रंग मात्र फसवतो. लाइटखाली त्वचा लवकर उजळते, रक्तातला आकडा तितक्या लवकर उतरत नाही. त्यामुळे "आता गोरी दिसतेय, बस झालं" असं आत्याबाई म्हणाल्या तरी त्यावर जाऊ नये. कपाळाला टेकवून कावीळ मोजायचं यंत्रही याच कारणाने लाइट चालू असताना वापरत नाहीत. ते त्वचेचा रंग वाचतं, आणि तोच तर दिव्याने बदललेला असतो. आलेखावर यंत्राचा आकडा मांडायचाच तर पोकळ वर्तुळाने मांडा, रक्ताचा भरीव ठिपक्याने, आणि पोकळ व भरीव एका रेषेने जोडू नका. दोन वेगळ्या मापांनी काढलेला वेग खोटा असतो. दोन वेगळ्या लॅबचे आकडे जोडतानाही हीच सावधगिरी बाळगते मी.

रक्ताच्या नमुन्याला प्रकाश लागला तरी घोटाळा होतो. ही गोष्ट तर या उपचाराच्या जन्माचीच आहे. १९५६ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये सिस्टर जीन वॉर्ड बाळांना बागेत मोकळ्या हवेत नेत असत. एकदा त्यांनी एका बाळाला उघडं करून दाखवलं, तर अंगाला सगळीकडे पिवळेपणा फिका झाला होता आणि चादरीच्या टोकाखाली झाकलेला एक त्रिकोण तेवढा गडद पिवळा राहिला होता. त्याच रुग्णालयात एका बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. डॉक्टर रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गोष्टींवरून दिव्याचं यंत्र बनवलं आणि १९५८ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापलं. तुमच्या सिस्टरनी रक्त काढताना दिवा बंद केला आणि नळी कागदात गुंडाळली, ते तुम्हाला विचित्र वाटलं होतं ना? त्या नळीलाही दिवा "उपचार" करत असतो, आणि मग लॅबला बाळापेक्षा कमी आकडा मिळतो. एखादा ठिपका अचानक खूप खाली आला तर नळी उजेडात पडून होती का, हे आधी विचारावं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग बाळाला कोवळ्या उन्हात धरलं तर काय बिघडलं? बिघडतं असं की उन्हाचा जोर मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि दहा मिनिटांच्या उन्हाच्या भरवशावर घरचे लोक रक्त तपासायला एक दिवस उशीर करतात. मी बघितलेल्या वाईट केसेसमध्ये हा उशीर फार वेळा दिसतो. तासाला ०.४ चढणाऱ्या काविळीत एक दिवस म्हणजे जवळजवळ १० अंक.

बुधवारी सकाळी ११.६ होतं आणि रेषा १६.१ ला होती. ब्रिटिश तक्त्याच्या नियमाने आकडा चालू रेषेपेक्षा साधारण २.९ ने खाली गेला की लाइट बंद करता येतो, म्हणजे तेव्हाच करता आला असता. अमेरिकन नियम वेगळ्या ठिकाणाहून मोजतो: लाइट सुरू केला त्या तासाची जी रेषा, तिच्यापेक्षा किमान २ ने खाली. आपल्या कागदावरच्या रेषेने मोजलं तर ती १२.५ च्या आसपास, म्हणून साधारण १०.५ किंवा त्याखाली. कूम्ब्स पॉझिटिव्ह असलेल्या बाळात पेशी फुटणं अजून चालू असतं, लवकर दिवा काढला तर आकडा उसळण्याची शक्यता जास्त. तुमच्या डॉक्टरांनी आणखी बारा तास वाट पाहिली आणि १०.२ ला बंद केला. मीही तेच केलं असतं. तो आणखी अर्धा दिवस मुलगी पेटीत आणि आई बाहेर, हे सोसायला कठीण असतं याची मला जाणीव आहे. म्हणूनच अंगावर पाजायला दर वेळी बाहेर काढू द्यावं असं मी सांगते. आकडा रक्तबदलाच्या रेषेच्या जवळ नसेल तर अर्ध्या तासाच्या खंडाने काही बिघडत नाही, आणि दूध पोटात गेलं की शी होते, शीवाटे बिलिरुबिन जातं. मोठे खंड पडले असतील तर ते निळ्या पट्टीत पांढरे सोडा.

दिवा बंद झाल्यावर आकडा थोडा चढतो. याला रिबाउंड म्हणतात. दिव्याने केलेली मदत थांबते आणि बाळाचं यकृत एकटं कामाला लागतं. तुमच्या डॉक्टरांनी बारा तासांनी तपासलं, आणि पेशी फुटण्याचं कारण होतं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. १०.२ वरून ११.४, तासाला ०.१. मग ११.४ वरून १२.३ चोवीस तासांत, म्हणजे तासाला ०.०४ सुद्धा नाही. चढ मंदावत चालला आहे आणि रेषा २०.५ ला आहे, आठ अंक वर. मंगळवारचं १२.८ आणि शुक्रवारचं १२.३ हे आकडे शेजारी ठेवले तर सारखे वाटतात. कागदावर एक रेषेच्या वर आहे आणि खडा चढाव चढतंय, दुसरं रेषेच्या कितीतरी खाली आहे आणि जवळपास सपाट झालंय. गुरुवारी जर ११.४ च्या जागी १४ आलं असतं, तर तेही रेषेच्या खालीच असतं, पण वेग तासाला ०.३ झाला असता आणि मी घरी सोडलं नसतं.

एक किरकोळ शंका तुम्ही फोनवर विचारली होती: रिपोर्टमध्ये टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट असे तीन आकडे असतात, कोणता मांडायचा? आलेखावर टोटल. त्यातून डायरेक्ट वजा करायचं नाही. डायरेक्ट म्हणजे यकृताने बाहेर टाकण्याजोगं केलेलं बिलिरुबिन, त्याचं काम निराळं आहे. दोन आठवडे उलटूनही कावीळ असेल, शी पांढरट किंवा मातीच्या रंगाची होत असेल, लघवीने लंगोट पिवळा होत असेल, तर डायरेक्ट तपासायचं, कारण तो रस्ता यकृताच्या आणि पित्तनलिकेच्या आजारांकडे जातो आणि तिथे निळ्या दिव्याचा उपयोग नसतो.

तुमच्या मुलीसाठी आता एवढं करा. शुक्रवारच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी जी तारीख दिली असेल ती चुकवू नका. तोवर दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध, पाचव्या दिवसानंतर रोज सहाएक लंगोट ओले, आणि काळीहिरवी शी जाऊन पिवळी शी येणं, हे बघत राहा. दुधाला उठवूनही उठत नसेल, ओढ कमी झाली असेल, अंग ढिलं पडलं असेल किंवा पाठीची कमान करून किरट्या आवाजात रडत असेल, तर वही काढून हिशेब करत बसू नका, तडक रुग्णालयात न्या. रेषेच्या खालचा कालचा ठिपका आजच्या बाळाविषयी काही सांगत नाही.

पिवळेपणा गेल्यावरही एक काम उरतं. आईकडून आलेले प्रतिपिंड काही आठवडे बाळाच्या रक्तात राहतात आणि हळूहळू पेशी फोडत राहतात. कावीळ दिसत नाही, कारण एव्हाना यकृत तयार झालेलं असतं, पण हिमोग्लोबिन मात्र उतरू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, आणि सहाव्या आठवड्याच्या लसीला जाल तेव्हा पुन्हा, हिमोग्लोबिन तपासायचं का हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. मुलगी पांढुरकी दिसू लागली, दूध पिताना दमायला, घामाघूम व्हायला लागली तर त्याआधीच जा. आणि हा कागद लसीच्या कार्डाला टाचून ठेवा. पुढचं बाळंतपण असेल तेव्हा पहिल्या बाळाला लाइट लागला होता, आई ओ गटाची आहे आणि कूम्ब्स पॉझिटिव्ह होती, हे बाळ जन्मण्याआधीच डॉक्टरांच्या हातात पडलं पाहिजे. त्या बाळाच्या कागदावर पहिला ठिपका बावीस तासांच्या कितीतरी आधी यायला हवा.